डॉलरमध्ये तोटा, रुपयांत नफा

हिंजवडीतल्या एका अमेरिकी कंपनीच्या शाखेत नोकरी करणारी एक अभियंता आहे असं धरू. मार्च २०२२ मध्ये तिला मूळ कंपनीचे १०० शेअर मिळाले. त्या दिवशी शेअरचा भाव ५० डॉलर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने ते सगळे विकले आणि भाव मिळाला ४५ डॉलर. साडेतीन वर्षं थांबून ५०० डॉलरचा तोटा झाला. तिच्या मते आयकराचा प्रश्नच मिटला. विवरणपत्र भरायला बसल्यावर मात्र सीएने सांगितलं, तुम्हाला भांडवली नफा झालाय, त्यावर कर भरायचाय.

सीएचं बरोबर आहे. भारतात निवासी असलेल्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं आणि ते मोजायचं रुपयांत. शेअर मिळाले तेव्हा त्यांची किंमत पगारातल्या सवलतीत, म्हणजे ‘पर्क्विझिट’मध्ये, धरली गेली आणि कंपनीने त्यावर कर कापला. कंपनीने तेव्हा रुपयांत जी किंमत पकडली, तीच कायद्याने या शेअरची खरेदी किंमत ठरते. समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे घेऊ. तेव्हा डॉलर ७५ रुपयांना धरला असेल तर खरेदी किंमत झाली ३,७५,००० रुपये. विक्रीच्या वेळी डॉलर ८७ चा धरला तर ४,५०० डॉलरचे ३,९१,५०० होतात. वर उरले १६,५०० रुपये. शेअरने गमावलं, पण रुपया घसरल्यामुळे मिळालं, आणि कायदा या दोन गोष्टी वेगळ्या करत नाही. परदेशी कंपनीचा शेअर २४ महिन्यांहून अधिक काळ हाती राहिला तर नफा दीर्घकालीन ठरतो. त्यावर साडेबारा टक्के दराने इथे २,०६३ रुपयांच्या आसपास कर येतो, उपकर वेगळा.

भाव जर ५० डॉलरच राहिला असता, तर एक सेंटही न कमावता ६०,००० रुपयांचा नफा दिसला असता. मला हा नियम फारसा न्याय्य वाटत नाही, कारण चलनाच्या घसरणीला उत्पन्न म्हणणं म्हणजे महागाईवर कर लावण्यासारखंच आहे. अनिवासी गुंतवणूकदाराला भारतीय कंपन्यांच्या काही शेअरवरचा नफा मूळ चलनात मोजायची मुभा कायद्याने दिली आहे. निवासी माणसाला परदेशी शेअरवर तशी मुभा नाही.

आता मुख्य मुद्दा, हा ८७ आला कुठून? आयकर नियम, १९६२ मधला ११५ वा नियम त्याचं उत्तर देतो. दर धरायचा स्टेट बँकेचा, आणि तोही ‘टेलिग्राफिक ट्रान्सफर बाइंग रेट’, म्हणजे बँक आपल्याकडून तारेने आलेलं परकीय चलन विकत घेते तो दर. तारीखही आपल्या मर्जीची नाही. भांडवली नफ्याला ज्या महिन्यात विक्री झाली त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस लागतो. म्हणजे तिने शेअर १२ सप्टेंबरला विकले असले तरी दर ३१ ऑगस्टचा. लाभांशालाही तसंच, तो ज्या महिन्यात जाहीर झाला किंवा मिळाला त्याच्या आधीचा महिनाअखेर. पगारालाही तोच नियम. पण परदेशातल्या बचत खात्यावरचं व्याज किंवा तिथल्या घराचं भाडं असेल तर दर बघायचा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा, ३१ मार्चचा. एकाच माणसाच्या विवरणपत्रात त्यामुळे तीन-चार वेगवेगळे दर असणं हेच बरोबर आहे. सगळीकडे एकच दर दिसला तर काहीतरी चुकलंय असं समजा.

(हे सगळं २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाला धरून आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू होतो. तिथले कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

स्टेट बँक रोज परकीय चलनाच्या दरांचा तक्ता जाहीर करते. त्यात प्रत्येक चलनासमोर एक सोडून अनेक आकडे असतात: TT BUY, TT SELL, BILL BUY, BILL SELL, शिवाय ट्रॅव्हल कार्डाचे आणि नोटांचे. आपल्याला हवा तो फक्त पहिला. गूगलवर दिसणारा दर बाजारातला मधला दर असतो, तो बहुधा या आकड्यापेक्षा थोडा जास्त असतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा संदर्भ दरही वेगळा. ४,५०० डॉलरच्या व्यवहारात दर एका रुपयाने चुकला तर उत्पन्न ४,५०० रुपयांनी चुकतं. आपल्या उदाहरणात ते एकूण नफ्याच्या पाव भागाहून जास्त आहे.

अडचण अशी की तक्ता आज सहज मिळतो, पण दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवसाचा शोधायला गेलात तर हाती लागेलच असं नाही. त्यात ३१ ऑगस्ट २०२५ हा रविवार होता. अशा वेळी त्याआधी ज्या दिवशी दर जाहीर झाला तो धरायचा प्रघात आहे. पण नेमका कोणता दिवस धरला हे कागदावर नसेल, तर तीन वर्षांनी नोटीस आल्यावर तुम्हालाच आठवणार नाही. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी तो तक्ता उतरवून घ्यावा आणि फाइलच्या नावातच तारीख टाकावी. उत्पन्नाच्या हिशेबाला वर्षाचे बारा तक्ते पुरतात. शेअर मिळाल्याचा कागद आणि त्या वेळी कंपनीने धरलेली रुपयांतली किंमत मात्र शेअर विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं जपावी लागते. शेअर हप्त्याहप्त्याने मिळाले असतील तर प्रत्येक हप्त्याची किंमत आणि दर स्वतंत्र. नोकरी बदलली की जुन्या कंपनीच्या पोर्टलवर जाता येत नाही, तेव्हा ते कागद आधीच काढून ठेवलेले बरे.

दर जपण्याचं आणखी एक कारण अमेरिकेत कापलेला कर. लाभांशावर तिथे भारतीय निवासी व्यक्तीचा बहुधा २५ टक्के कर कापला जातो. त्याची वजावट इथे मिळते, पण फॉर्म ६७ भरून, आणि कराची रक्कम रुपयांत आणायची ती कर कापल्याच्या आधीच्या महिनाअखेरच्या दराने. लाभांश पूर्ण दाखवायचा, हातात पडलेला नाही. शिवाय तिकडचं वार्षिक विवरण जानेवारी ते डिसेंबर असतं आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे एकेक नोंद तारखेनिशी वेगळी काढावी लागते. परदेशी मालमत्तेची माहिती देण्याचं परिशिष्ट मात्र आपल्याच विवरणपत्रात असूनही ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं भरायचं. त्यात वर्षातल्या सर्वाधिक मूल्याला त्या दिवसाचा आणि अखेरच्या मूल्याला ३१ डिसेंबरचा दर लागतो.

राहिला एक प्रश्न, जो लोक हमखास विचारतात. विकून आलेले डॉलर तिकडच्या खात्यात सहा महिने पडून राहिले, मग बँकेने ८९ ने रुपये दिले. ८७ आणि ८९ मधल्या फरकाचं काय? विक्रीच्या नफ्याचा हिशेब ८७ ला संपला, तो या फरकाने बदलत नाही. हा दुसरा फरक वैयक्तिक बचतीतला भांडवली स्वरूपाचा आणि करबाह्य, की करपात्र, यावर जाणकारांत मतभेद आहेत. व्यवसायाच्या येण्यातून तो झाला असेल तर तो व्यवसायाचंच उत्पन्न धरला जातो. कोणतीही बाजू घ्यायची झाली तरी पैसे खात्यात पडल्याची तारीख, ते रुपयांत आल्याची तारीख आणि बँकेने दिलेल्या दराची पावती, हे तीन कागद हाताशी लागतात.