रिकाम्या चौकटींचे भाडे

समजा, 7000 रेल्वे स्थानकांचा ग्राफ संगणकात साठवायचा आहे. मॅट्रिक्स घेतला तर 7000 ओळी, 7000 स्तंभ, म्हणजे 4 कोटी 90 लाख चौकटी. चौकटीला एक बाइट धरला तर 49 एमबी. पण बहुतेक स्थानकांना शेजारी दोनच, म्हणून जवळजवळ सगळीकडे शून्य! यादीत प्रत्येक स्थानकापुढे फक्त शेजाऱ्यांचे क्रमांक लिहायचे. चार बाइटचा क्रमांक धरूनही काम शंभर केबीच्या आत भागते.

मग मॅट्रिक्स मोडीत काढायचा? तसे नाही. जोड आहे की नाही, एवढेच नोंदवायला एक बिट पुरतो. यादीतला क्रमांक मात्र 32 बिट खातो. सरासरी शेजारी एकूण स्थानकांच्या बत्तिसाव्या भागाहून, इथे सुमारे 219 हून, जास्त झाले की यादीच उधळी ठरते. रुळांच्या जाळ्यात तसे होत नाही. तिथे यादीच घ्यावी.