नंबर तोच, बस वेगळी: मर्यादित थांब्यांच्या बसचं वेळापत्रक कसं वाचायचं

एसटीच्या पाटीवर 'साधी', 'जलद' आणि 'विनाथांबा' यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. शहर बसच्या बाबतीत मात्र आपण फक्त नंबर बघतो. मुंबईत बेस्टच्या बसवर नंबरासोबत 'मर्यादित' लिहिलेलं असतं. ती बस मधले लहान थांबे सोडत जाते. नाशिकमध्ये शहर बससेवा आधी एसटी चालवायची, ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक चालवते. नवीन शहर, नवीन मार्ग असला की नंबरापुढचं एखादं अक्षर किंवा शब्द काय सांगतो हे समजून घ्यावंच लागतं.

सार्वजनिक वाहतुकीच्या संशोधनात आम्ही मार्गाचा नंबर हे एकक धरतच नाही. एकक म्हणजे एक फेरी आणि तिच्या थांब्यांची यादी. ट्रिप प्लॅनर ज्या माहितीवर चालतात, तिच्यातल्या `stop_times.txt` या फाइलमध्ये प्रत्येक फेरीचा प्रत्येक थांबा स्वतंत्र ओळीत असतो. बस जो थांबा सोडते, त्याची त्या फेरीसाठी सहसा ओळच नसते. नकाशावर मात्र या सगळ्या फेऱ्या एकाच रंगाच्या एका रेषेत काढलेल्या असतात. त्यामुळे बस कुठून जाते ते नकाशावरून कळतं, पण ती कुठे थांबते ते वेळापत्रकावरूनच कळतं.

आता एक उदाहरण घेऊ. रस्ता आपला ओळखीचा, नाशिकरोड ते सीबीएस. वेळा मात्र मी हिशोबासाठी रचलेल्या आहेत, त्या सिटीलिंकच्या नाहीत. समजा, साधी बस दर १० मिनिटांनी आहे आणि मर्यादित दर अर्ध्या तासाने. साधी वाटेत २५ ठिकाणी थांबते, मर्यादित त्यातले १६ थांबे सोडते. वेग कमी करणं, दार उघडणं, माणसं चढणं-उतरणं आणि पुन्हा वेग घेणं, यात एका थांब्यामागे अर्धा मिनिट धरला तर १६ थांब्यांची ८ मिनिटं वाचतात.

| थांबा | साधी | मर्यादित |
|---|---|---|
| नाशिकरोड | ८:०० | ८:०६ |
| बिटको | ८:०३ | ८:०९ |
| उपनगर | ८:११ | – |
| गांधीनगर | ८:१५ | – |
| द्वारका | ८:२४ | ८:२५ |
| शालिमार | ८:३१ | ८:३० |
| सीबीएस | ८:३६ | ८:३४ |

हा तक्ता उभा वाचायचा, कारण एक रकाना म्हणजे एक बस. तुमचा चढायचा आणि उतरायचा, असे दोन्ही थांबे त्याच रकान्यात वेळेसह दिसले तरच ती बस तुमची. गांधीनगरला जाणारा माणूस नंबर बघून ८:०६ च्या बसमध्ये बसला, तर ती त्याला थेट द्वारकेला नेऊन सोडेल आणि तिथून उलटं यावं लागेल. छापील वेळापत्रकात सगळे थांबे नसतात, फक्त मोठे असतात. त्यामुळे तुमचा थांबा यादीतच नसेल, तर मर्यादित बस तिथे थांबते असं गृहीत धरू नका. चढण्याआधी वाहकाला विचारा.

एक्सप्रेसचं प्रकरण आणखी वेगळं. तिचा कधीकधी रस्ताच बदलतो. मुंबई–आग्रा महामार्गावरच्या आपल्या लांब उड्डाणपुलावरून एखादी बस गेली, तर खालचे थांबे तिच्या वाटेतच येत नाहीत. तिथे नकाशावरची रेषा नीट बघावी लागते.

आता पुन्हा तक्त्याकडे बघा. तुम्ही नाशिकरोडला उभे आहात, ८ ची साधी बस समोर आहे. ती सोडायची का? द्वारकेला जायचं असेल तर सोडू नका, साधी तिथे एक मिनिट आधी पोचते. शालिमारला मात्र मर्यादित एक मिनिट पुढे असते आणि सीबीएसला दोन मिनिटं. म्हणजे मर्यादित बस द्वारका आणि शालिमारच्या मध्ये कुठेतरी साधीला मागे टाकते. रकाने सुटण्याच्या क्रमाने लावलेले असतात, पोचण्याच्या नाही. म्हणून आधी शेवटची, म्हणजे तुमच्या उतरण्याच्या थांब्याची ओळ वाचा आणि मग वर या.

पण मर्यादित कधी येईल हे माहीतच नसेल तर? या प्रश्नावर क्लोद श्रिकी आणि पिएर रोबियार यांनी १९७५ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा नियम साध्या शब्दांत असा: समोरच्या बसने उरलेला प्रवास किती वेळाचा आहे ते बघा. वेगवान बसची सरासरी वाट आणि तिचा प्रवास मिळून त्यापेक्षा जास्त वेळ होत असेल, तर समोरची बस सोडू नका. आपल्या उदाहरणात मर्यादित दर अर्ध्या तासाने आहे, म्हणजे सरासरी वाट १५ मिनिटं. त्यात २८ मिनिटांचा प्रवास मिळवला की ४३ होतात. साधी ३६ मिनिटांत पोचवते. तेव्हा साधीतच बसा. दर पंधरा मिनिटांनी मर्यादित असती, तर साडेसात अधिक २८ म्हणजे साडेपस्तीस, आणि मग थांबायला हरकत नव्हती.

वेळापत्रक हाताशी असलं की हा हिशोब बदलतो. मर्यादित ६ मिनिटांत येणार हे माहीत असेल, तर ६ अधिक २८ म्हणजे ३४, आणि थांबण्यात फायदा आहे. ८ मिनिटं ही सीमा, कारण मर्यादित तेवढीच वाचवते.

मात्र हा फायदा फक्त दोन मिनिटांचा आहे, आणि ती बस आलीच नाही तर? मग ८:१० ची साधी धरावी लागेल आणि तुम्ही ८:४६ ला पोचाल, म्हणजे दहा मिनिटांचं नुकसान. दोन मिनिटांच्या फायद्यासाठी दहा मिनिटांचा धोका, म्हणजे सहा दिवसांतून पाच दिवसांपेक्षा जास्त वेळा ती बस वेळेवर आली तरच थांबणं परवडतं. आठवडाभर तुमच्या थांब्यावर मर्यादित किती वाजता येते ते लिहून ठेवलंत, तर तुम्हाला अंदाज येईल. आणि द्वारकेच्या चौकात वाहतूक तुंबली की दोन्ही बस सारख्याच अडकतात. मर्यादित फक्त थांब्यांचा वेळ वाचवते, कोंडीचा नाही.

शेवटी उपनगर, गांधीनगरच्या प्रवाशांसाठी एक गोष्ट. या रस्त्यावर तासाला सहा साध्या आणि दोन मर्यादित बस असतील, तर 'तासाला आठ बस' असं म्हटलं जातं, म्हणजे साडेसात मिनिटांना एक. पण गांधीनगरच्या थांब्यावर दोन बस न थांबता निघून जातात. तिथे उभ्या असलेल्या माणसासाठी तासाला सहाच बस, म्हणजे दहा मिनिटांना एक. नवीन मर्यादित फेरी सुरू झाली की पहिला प्रश्न हाच विचारा: ती जास्तीची आहे की एखादी साधी फेरी बंद करून काढलीय? साध्या फेऱ्या कमी झाल्या असतील, तर नाशिकरोडहून सीबीएसला जाणाऱ्याची वाचलेली मिनिटं गांधीनगरच्या माणसाने थांब्यावर उभं राहून दिलेली असतात.