पैसे कोणाचे अडकले?

ऑनलाइन खरेदीसाठी डेबिट कार्ड बरं, क्रेडिट बरं की प्रीपेड, याचं उत्तर बहुतेक जण कार्डाच्या कुलपात शोधतात. चिप कोणती, पिन किती आकडी, ओटीपी येतो की नाही. पण नंबर एकदा बाहेर गेला की चोराला तिन्ही कार्डं सारखीच. खरा फरक पडतो तो चोरी झाल्यावर. चौकशी चालू असताना पैसे कोणाचे अडकून राहतात, यावर सगळं ठरतं. मुकुंदवाडीतल्या आमच्या शेजारणीच्या एका तक्रारीमागे मी सुरुवातीपासून होतो, म्हणून हे जवळून पाहता आलं.

ताई ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. लेस, गोंडे, अस्तर हे सामान त्या पूर्वी शहागंज-गुलमंडीतून आणायच्या, आता बरंचसं फोनवरून मागवतात. बचत खातं एकच आणि त्याचं डेबिट कार्डही एकच. ९ तारखेला, शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांच्या फोनवर पाठोपाठ दोन संदेश आले. ६,४८० रुपये वजा आणि ५,३१० रुपये वजा. दुकानाचं नाव परदेशी, कधी न ऐकलेलं. ओटीपी आलाच नव्हता.

ओटीपीशिवाय पैसे गेलेच कसे, हा ताईंचा पहिला प्रश्न होता. भारतातल्या दुकानांना ऑनलाइन व्यवहारात ही दुसरी खातरजमा २००९ पासून सक्तीची आहे. परदेशातल्या दुकानावर मात्र ती सक्ती पोचत नव्हती. तिथे कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊन जायचा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या आदेशानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा त्याचा ऑनलाइन आणि परदेशी वापर बंदच असतो, तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. ताईंच्या मुलाने एका परदेशी अ‍ॅपची वर्गणी भरण्यासाठी तो सुरू केला होता आणि मग बंद करायचं राहून गेलं.

मुलगा शेंद्र्याच्या कंपनीतून नुकताच आला होता. "आई, आधी कार्ड बंद करू, रडणं नंतर," म्हणत त्याने बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं, ग्राहक सेवेला फोन लावला आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली. शाखा सोमवारी उघडली की जाऊ, असं म्हणून तो थांबला नाही, हे महत्त्वाचं. तक्रार नोंदवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, आणि त्याला पुरावा म्हणजे तो क्रमांक आणि त्यासोबतची वेळ.

इथून पुढे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाचं घड्याळ सुरू होतं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठेतरी माहिती फुटली, अशा व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाला एक रुपयाचीही झळ बसत नाही. संदेश मिळाला तो दिवस मोजायचा नाही. ताईंच्या बाबतीत १० तारीख दुसरा शनिवार आणि ११ रविवार, म्हणजे सोमवार पहिला दिवस आणि बुधवार १४ तारीख तिसरा.

गुरुवारी सांगितलं असतं तर? चौथ्या ते सातव्या दिवसासाठी नियम वेगळा आहे. साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त १०,००० रुपये. ऐकायला हे संरक्षण वाटतं, पण नियमात पुढे लिहिलंय की व्यवहाराची रक्कम किंवा ही मर्यादा, यांतलं जे कमी असेल ते. ताईंचे दोन्ही व्यवहार दहा हजारांच्या आतले. म्हणजे एक दिवस उशीर झाला असता तर ११,७९० रुपये पूर्णच त्यांच्या अंगावर आले असते. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ही मर्यादा ५,००० आहे, तिथे निदान १,७९० परत मिळाले असते. आपल्यासारख्यांच्या खरेदीच्या रकमा छोट्या असतात, म्हणून आपल्यासाठी खरी रेषा तीन दिवसांचीच. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं अवलंबून.

न्यू जर्सीत राहणाऱ्या ताईंच्या भाचीने फोनवर सांगितलं, "मावशी, डेबिट कार्ड ऑनलाइन वापरायचंच नसतं, कायदा क्रेडिट कार्डवाल्याच्या बाजूने आहे." तिच्या देशात ते बरोबर आहे. तिथे हरवलेल्या किंवा चोरलेल्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाची जबाबदारी कायद्याने ५० डॉलरच्या पुढे जात नाही. डेबिट कार्डाला वेगळा कायदा आहे, दोन दिवसांत कळवलं तर ५० डॉलर, उशीर झाला तर ५००, आणि आणखी रेंगाळलं तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे मात्र २०१७च्या परिपत्रकात बचत खातं आणि पाच लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड एकाच ओळीत बसवलेलं आहे. तेच तीन दिवस, तेच दहा हजार. कागदावर दोघांत फरक नाही.

फरक दिसला तो १५ तारखेला. ताईंच्या मशीनच्या कर्जाचा ३,१५० रुपयांचा हप्ता त्या दिवशी खात्यातून आपोआप जातो. खात्यात १४,२०० होते, चोरीनंतर २,४१० उरले. बँकेने तक्रारीनंतर दहा कामाच्या दिवसांत गेलेली रक्कम तात्पुरती परत जमा करायची असते, त्याला शॅडो क्रेडिट म्हणतात. ९ तारखेपासून मोजलं तर दहावा दिवस येतो २२ तारखेला. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमीच पडणार होते. जमा करताना मूळ तारखेपासून जमा धरायची आणि व्याज बुडू द्यायचं नाही, असं परिपत्रक सांगतं, पण परत गेलेल्या हप्त्याच्या दंडाचं त्यात काही नाही. ताईंनी १४ तारखेला एका गिऱ्हाइकाकडून हजार रुपये आगाऊ घेतले आणि खात्यात भरले. हप्ता सुटला.

हेच दोन व्यवहार मुलाच्या क्रेडिट कार्डावर झाले असते तर? घड्याळ तेच, तक्रारही तीच. पण बचत खात्यातला रुपया हलला नसता. बिलात दोन ओळी वाढल्या असत्या, आणि ग्राहकाने फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत कोणतंही शुल्क लावायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांत आहे. नव्वद दिवसांत बँकेने प्रकरण निकाली काढायचं, तोपर्यंत अडकलेले पैसे बँकेचे. क्रेडिट कार्डाची सुरक्षितता ती एवढीच, पण महिनाअखेर कशीबशी गाठणाऱ्या घराला एवढी पुष्कळ आहे. त्यात एक मेख आहे. कार्डाचं पूर्ण बिल बचत खात्यातून आपोआप कापायची सोय लावलेली असेल तर हरकतीची रक्कमही त्यात निघून जाऊ शकते. मुलाने तशी सोय लावलेली होती. त्याने ती त्याच आठवड्यात काढली.

प्रीपेड कार्डाचं गणित वेगळं. तिथे तोटा कमी होतो तो कायद्यामुळे नव्हे, तर मुळात पैसेच कमी असल्यामुळे. किमान माहितीवर उघडलेल्या वॉलेटमध्ये एका वेळी १०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही. पूर्ण केवायसी केली की ही मर्यादा दोन लाख होते. आठशेची लेस घ्यायची असेल तर आठशेच भरायचे, चोराला त्यापुढे काही मिळणार नाही. मात्र बँकेतर कंपनीच्या वॉलेटसाठी रिझर्व्ह बँकेचा जानेवारी २०१९चा वेगळा आदेश आहे आणि त्यात मोजणी कामाच्या दिवसांत नाही, साध्या दिवसांत आहे. ताईंचे पैसे असल्या वॉलेटमधून गेले असते तर शनिवार-रविवार धरून मुदत सोमवारी, १२ तारखेलाच संपली असती. शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, वॉलेटमधल्या शिलकीला तो नाही.

गिफ्ट कार्ड हा प्रीपेडचाच प्रकार, पण त्याला ओटीपीची सक्ती नाही. नंबर ज्याच्या हाती, पैसे त्याचे. माल परत केला तर रक्कम त्याच कार्डावर येते, म्हणून शिल्लक संपली तरी ते फेकायचं नसतं. आणि एखाद्या दुकानाने फक्त स्वतःपुरतं काढलेलं व्हाउचर तर रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येतच नाही.

पैसे आपणच भरले आणि माल आला नाही, हे वेगळं प्रकरण. ओटीपी आपणच टाकलेला असतो, म्हणून तीन दिवसांचा नियम तिथे लागत नाही. तिथे बँकेकडे चार्जबॅक मागायचा. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या नियमांनुसार तो डेबिट आणि क्रेडिट दोन्ही कार्डांवर मागता येतो. ऑर्डरची पावती, वचन दिलेली तारीख आणि दुकानदाराशी झालेला पत्रव्यवहार सोबत लागतो. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

ताईंचे पैसे तात्पुरते जमा झाले, आणि पुढे प्रकरण त्यांच्या बाजूने मिटलं. ओटीपी दिलाच नव्हता आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. आता त्यांच्या डेबिट कार्डाचा ऑनलाइन वापर बंद आहे, एटीएमपुरतं ते चालतं. छोटी खरेदी वॉलेटमधून, मोठी मुलाच्या क्रेडिट कार्डावर, तेही परदेशी वापर बंद ठेवून आणि ऑनलाइन मर्यादा खाली आणून.

ही मर्यादा खाली आणण्याला कारण आहे. ओटीपी आपणच कुणाला सांगितला तर ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. तेव्हा वर सांगितलेला क्रम उलटा होतो. प्रीपेडमधून भरलेले आठशे जातात, डेबिटमधून खात्यात असेल ते जातं, आणि क्रेडिट कार्डावर कधी कमावलेलेच नव्हते असे लाख रुपये देणं होऊन बसतं.