निळ्या आकाशामागचे थरथरणारे रेणू

आकाश निळे का, या प्रश्नाचे उत्तर शाळेत एका वाक्यात मिळते: हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण त्याने कुतूहल शमत नाही, उलट वाढते. विखुरतो म्हणजे नेमके काय होते? हवेचा रेणू निळ्या प्रकाशाला वेगळी वागणूक का देतो? आणि हवा तर पारदर्शक आहे. खोलीतल्या हवेतून भिंत स्वच्छ दिसते, मग डोक्यावरची तीच हवा चमकते कशी?

सुरुवात एका रेणूपासून करू. हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. नायट्रोजनच्या रेणूत दोन जड अणुकेंद्रे असतात आणि त्यांच्याभोवती चौदा इलेक्ट्रॉनांचा हलका ऋणभारित ढग असतो. एरवी ढगाचा मध्य आणि केंद्रांचा मध्य एकाच जागी असतात, त्यामुळे रेणू बाहेरून उदासीन भासतो. सूर्यप्रकाश म्हणजे विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची लाट. तिचे विद्युतक्षेत्र रेणूवरून जाताना इलेक्ट्रॉनांना एकदा या बाजूला ओढते, एकदा त्या बाजूला. केंद्रे जड असल्याने जवळजवळ जागची हलत नाहीत, ढग मात्र सरकतो. एका बाजूला किंचित धनभार, दुसऱ्या बाजूला किंचित ऋणभार, आणि पुढच्याच क्षणी उलट. अशा जोडीला द्विध्रुव म्हणतात. सूर्यप्रकाशात हवेचा प्रत्येक रेणू असा थरथरणारा द्विध्रुव झालेला असतो.

ही थरथर किती? भर उन्हातल्या विद्युतक्षेत्राच्या जोरावर हिशेब केला तर ढग प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी सरकतो. पण ही हालचाल सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा होते. आणि विद्युतभाराची गती बदलत राहिली, म्हणजे त्याला त्वरण मिळाले, की तो स्वतः प्रकाश बाहेर टाकतो. रेडिओ केंद्राच्या अँटेनातही हेच होते. सूर्याच्या दिशेने आलेली थोडी ऊर्जा रेणू अशा रीतीने आजूबाजूला पसरवतो. विखुरणे म्हणजे हेच.

आता निळ्याकडे वळू. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर धरू आणि तांबड्याची ६५०. निळे क्षेत्र इलेक्ट्रॉनांना सेकंदाला सुमारे ६७० लाख कोटी वेळा हलवते, तांबडे सुमारे ४६० लाख कोटी वेळा. या रेणूंतील इलेक्ट्रॉनांची स्वतःची लय याहून बरीच जलद आहे, ती अतिनील प्रकाशाच्या टापूत येते. झोपाळ्याला त्याच्या लयीपेक्षा बऱ्याच संथ गतीने ढकलत राहिले, तर तो ढकलणाऱ्या हाताबरोबर जाईल तेवढाच जातो, त्याची झेप वाढत नाही. इथेही तसेच. जोर सारखा असेल तर निळा आणि तांबडा प्रकाश ढगाला जवळपास सारखेच अंतर सरकवतात. फरक पडतो तो वेगात. तेच अंतर दीडपट घाईने पार करायचे तर त्वरण दीडपटीच्या वर्गाइतके लागते. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे विद्युतक्षेत्र त्वरणाच्या प्रमाणात असते आणि तेजस्विता त्या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्गाचा पुन्हा वर्ग, म्हणजे चौथा घात. निळ्याची वारंवारता तांबड्याच्या १.४४ पट, आणि १.४४ चा चौथा घात सुमारे ४.३. रेणू तांबड्यापेक्षा निळा प्रकाश चौपटीहून अधिक विखुरतो, तो यामुळे. जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच पुढचे लॉर्ड रेले, यांनी हा चौथ्या घाताचा नियम १८७१ मध्ये मांडला.

हा नियम आकाशावर लावून पाहू. सूर्य डोक्यावर असेल आणि हवेत धूळ अजिबात नसेल, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशातला साधारण वीस टक्के भाग वाटेत विखुरतो, तांबड्यातला जेमतेम पाच टक्के. खोलीतली हवा पारदर्शक का, तेही इथेच कळते. समुद्रसपाटीच्या हवेत निळ्या किरणाला ठळकपणे क्षीण व्हायला पस्तीसेक किलोमीटर जावे लागते, चार मीटरांत काही जाणवत नाही. सह्याद्रीच्या दूरच्या रांगा निळसर दिसतात तेव्हा आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेचा असाच विखुरलेला प्रकाश आपण पाहत असतो. सूर्य क्षितिजाला टेकला की किरणाला डोक्यावरच्या मानाने जवळजवळ अडतीस पट हवा ओलांडावी लागते. तेव्हा तांबड्याचा साधारण सातवा भाग आपल्यापर्यंत पोहोचतो, निळ्याचा मात्र पाच हजारांतला एखादा. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो, तो या हिशेबाने.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत सापडते. पण तिच्यात एक मोठी अडचण दडलेली आहे, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग मला तरी तोच वाटतो. जमिनीजवळच्या हवेत रेणूंमधले सरासरी अंतर तीन नॅनोमीटरच्या आसपास असते. निळ्या प्रकाशाची एक तरंगलांबी लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी पेटी कल्पिली, तर तिच्यात सुमारे तेवीस लाख रेणू बसतात. ते सगळे एकाच लाटेच्या तालावर थरथरतात, म्हणजे त्यांनी टाकलेले प्रकाशही एकमेकांत मिसळणार. रेणू अगदी एकसारख्या अंतरावर मांडलेले असते तर काय झाले असते? बाजूला जाणाऱ्या दिशेत प्रत्येक रेणूला त्याचा विरोधी जोडीदार मिळाला असता. एकाच्या लाटेचा उंचवटा तिथे दुसऱ्याचा खळगा आला असता आणि दोघांनी एकमेकांना पुसून टाकले असते. सूर्याकडून सरळ पुढे जाणारा प्रकाश तेवढा शाबूत राहिला असता आणि भर दुपारीही आकाश काळे दिसले असते.

तसे होत नाही, कारण हवेचे रेणू मांडलेले नसतात. ते सैरावैरा धावतात. त्या पेटीत एका क्षणी सरासरीपेक्षा दीडेक हजार रेणू जास्त असतात, दुसऱ्या क्षणी तितकेच कमी. तेवीस लाखांत दीड हजार म्हणजे एक टक्काही नाही, पण ही कमी-जास्त पुसली जात नाही. शेजारच्या पेटीतली तूट-वाढ वेगळी असल्याने जोड्या पूर्ण जमत नाहीत आणि उरलेला प्रकाश बाजूला निसटतो. गणित केले की एक समाधानकारक गोष्ट निघते. रेणू पूर्णपणे स्वैर असतील तर उरलेल्या प्रकाशाची एकूण तेजस्विता बरोबर तेवढीच येते, जेवढी प्रत्येक रेणूचा प्रकाश स्वतंत्र धरून बेरीज केल्यावर येते. म्हणून रेले यांचा साधा हिशेब हवेला चालतो. पाण्यात रेणू दाटीने बसलेले असतात, तिथे घनतेतली कमी-जास्त फार थोडी, त्यामुळे पाण्याचा एक रेणू हवेतल्या रेणूच्या मानाने फारच कमी प्रकाश बाजूला टाकतो.

हे लक्षात यायला वेळ लागला. १८७१ मध्ये स्वतः रेले यांच्या मनात हवेत तरंगणारे बारीक कण होते. धूळ नसली तरी हवेचे रेणू पुरेसे आहेत, असे त्यांनी १८९९ मध्ये मांडले. घनतेच्या चढउतारांचा विचार स्मोलुचोव्स्की यांनी १९०८ मध्ये पुढे आणला आणि आइन्स्टाइन यांनी १९१० मध्ये त्याचे गणित पूर्ण केले.

द्विध्रुवाची गोष्ट खरी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी पोलरॉइड गॉगल हवा, साधा काळ्या काचेचा चालत नाही. सकाळी सूर्य पूर्वेला, क्षितिजापासून फार वर आलेला नसताना उत्तरेकडे तोंड करा आणि क्षितिजाच्या थोडे वरचे निरभ्र आकाश एका काचेतून पाहा. गॉगल नेहमीसारखा धरला की आकाश उजळ दिसते. मग तो डोळ्यांसमोर हळूहळू नव्वद अंशांतून फिरवून उभा करा, तसतसे आकाश गडद होत जाईल. हाच प्रयोग सूर्याच्या जवळपासच्या आकाशावर केला तर फरक जवळजवळ पडत नाही, पण तिकडे पाहूच नका, सूर्याकडे नजर गेली तर डोळ्यांना इजा होते.

याचे कारण अँटेनाच्या एका गुणात आहे. लांबीच्या दिशेने ती काहीच प्रक्षेपित करत नाही. पूर्वेकडून येणारा प्रकाश इलेक्ट्रॉनांना वर-खाली हलवतो आणि उत्तर-दक्षिण हलवतो, पूर्व-पश्चिम हलवू शकत नाही. आपण उत्तरेकडे पाहतो तेव्हा उत्तर-दक्षिण थरथर आपल्या नजरेच्या रेषेतच पडते, तिचा प्रकाश आपल्याकडे येत नाही. उरतो तो फक्त वर-खाली थरथरीचा, एकाच दिशेत ध्रुवित झालेला. पोलरॉइड गॉगल उभी कंपने आत सोडतो आणि आडवी अडवतो, म्हणून सरळ धरल्यावर आकाश उजळ आणि फिरवल्यावर गडद. सूर्यापासून नव्वद अंशांवरही आकाश पूर्ण काळे होत नाही. काही प्रकाश दोन-तीनदा विखुरून आलेला असतो, जमिनीवरून उसळलेलाही त्यात असतो, शिवाय नायट्रोजनचा रेणू लांबट असल्याने त्याची थरथर थोडी तिरकी होते.

यातून हवेची परीक्षाही होते. धुळीचे आणि धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोडीचे किंवा तिच्याहून मोठे असतात. त्यांच्यात चौथ्या घाताचा नियम लागू पडत नाही. सगळे रंग थोडेफार सारखेच विखुरतात आणि ध्रुवणही बिघडते. मे महिन्यातले पांढुरके आकाश गॉगल फिरवून फारसे बदलत नाही. पावसाने धुतलेल्या हवेत, भाद्रपद-आश्विनात मळभ हटल्यावर, फरक चटकन जाणवतो. ढगांतले थेंब तर याहून कितीतरी मोठे, म्हणून ढग पांढरे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये इंग्लंडहून नारकुंडा बोटीने परतताना असाच ध्रुवण ओळखणारा निकोल प्रिझम समुद्रावर रोखला. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश त्याने कापला, तरी समुद्र निळाच राहिला. म्हणजे समुद्राची निळाई आकाशाची उसनी नव्हती. त्यावरचे त्यांचे टिपण ‘नेचर’ला गेले ते मुंबई बंदरातून. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, त्याचाही या रंगात मोठा वाटा आहे, हे आता माहीत आहे.

चौथ्या घाताने जांभळा निळ्याहूनही जास्त विखुरायला हवा, आणि विखुरतोही. पण सूर्याच्या प्रकाशात तो मुळात कमी असतो आणि आपला डोळा त्याला फारसा संवेदनशील नाही. आकाशाच्या प्रकाशात सगळेच रंग वेगवेगळ्या प्रमाणात असतात. त्या मिश्रणाला डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी जो प्रतिसाद देतात, तोच प्रतिसाद त्या निळा आणि थोडा पांढरा मिसळलेल्या प्रकाशालाही देतात.

द्विध्रुवाच्या या हिशेबाला एक मर्यादा आहे, आणि ती रोज संध्याकाळी दिसते. सूर्य मावळताना वरच्या हवेत पोहोचणारा प्रकाश लांबच्या वाटेत निळा गमावून आलेला असतो. नुसत्या रेणूंच्या विखुरण्यावर विसंबले तर डोक्यावरचे आकाश तेव्हा करडे-पिवळट दिसायला हवे. ते निळेच राहते. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये याचा उलगडा केला. उंचावरचा ओझोन नारिंगी आणि पिवळा प्रकाश शोषून घेतो, आणि सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावरच्या निळ्या रंगाचा दोन-तृतीयांश भाग त्याच्यामुळे असतो, रेणूंच्या विखुरण्याचा वाटा एक-तृतीयांशच.