विंचवाचे विष आणि अधिवृक्क ग्रंथीची गाठ

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात विंचू हा दगडी बांधातला शेजारी. लाल विंचू चावला की घाम फुटतो, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या विषाने अंगात अ‍ॅड्रेनालिन व नॉरअ‍ॅड्रेनालिन यांचा पूर येतो. त्यावर त्यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे अल्फा-रोधक औषध वापरले आणि मृत्यू झपाट्याने घटले.

विंचू न चावताच असा पूर वारंवार येत असेल तर? मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत क्वचित एक गाठ होते. तिचे नाव फिओक्रोमोसायटोमा. ती हीच द्रव्ये अवेळी रक्तात सोडते.

समजा, घोडेगावकडील एक शेतकरी महिला. खाली वाकून काम करताना एकाएकी तिचे डोके ठणकू लागते, अंग घामाने भिजते, चेहरा पांढरा पडतो, छातीत धडधडते. अर्ध्या तासात सारे ओसरते. झटक्यात रक्तदाब २२०/१३०. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात १३०/८०. मग घरचे म्हणतात, बाहेरचे काही आहे. देवऋषाकडे खेटे सुरू होतात. कार्यकारणभाव मानणाऱ्या आम्हांला हे फार सलते. अशा झटक्यांमागे बहुधा दुसरी, साधी कारणे असतात हे खरे. पण डोकेदुखी, घाम व धडधड ही तिन्ही लक्षणे एकत्र येऊन पुन्हा पुन्हा उद्भवली, तर रक्तातील किंवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन तपासावे. झटका नसतानाही गाठीतून हे द्रव्य झिरपत असते, म्हणून तपासणीत गाठ सहसा निसटत नाही. गाठ कोठे आहे हे त्यानंतर सीटी स्कॅनमध्ये पाहतात.

आता औषधांचा क्रम. धडधड होते म्हणून प्रथम बीटा-रोधक द्यावे, असे कोणालाही सुचेल. तेथेच घात होतो. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहके त्यांना आवळतात. स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्यांवरील बीटा ग्राहके त्या सैल करतात. बीटा आधी रोखले, तर सैल करणारा हात बांधला जातो, आवळणारा मोकळाच राहतो. रक्तदाब भडकतो, हृदयाचा जोरही त्याच औषधाने कमी झालेला असल्याने ते त्या दाबापुढे हतबल होते आणि फुप्फुसांत पाणी भरू शकते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सात ते चौदा दिवस अल्फा-रोधक वाढत्या मात्रेत देतात. वाहिन्या सैलावल्या की आक्रसलेले रक्ताचे प्रमाण भरून काढावे लागते. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मीठ व पाणी वाढवतात. उभे राहताना किंचित भोवळ येणे, नाक चोंदणे ही औषध लागू पडल्याची खूण. त्यानंतरही नाडी जलद राहिली, तरच बीटा-रोधक.

ही भरपाई झालेली नसेल, तर शल्यविशारद गाठीची शीर बांधतो त्या क्षणी द्रव्यांचा पुरवठा तुटून रक्तदाब कोसळतो.