प्रोबेशन वाढल्याचं पत्र

भोसरीच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी काही वर्षं कर्मचारी विभाग सांभाळला. तिथल्या स्टोअरमध्ये एक मुलगा ३ जून २०२४ रोजी सहायक म्हणून रुजू झाला. नेमणूकपत्रात सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि पुढे एक वाक्य होतं: गरज वाटल्यास व्यवस्थापन हा कालावधी लेखी कळवून आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकेल. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टोअरचे प्रमुख माझ्याकडे आले. सोबत स्वतः लिहून आणलेला मसुदा होता. "आपले काम समाधानकारक नाही. आपण कामात चालढकल करता व विश्वासार्ह नाही. आपले प्रोबेशन वाढवण्यात येत आहे. सुधारणा करावी."

ते पत्र मी तसं जाऊ दिलं नाही. त्याची कारणं सांगताना मी आधी तारखेपासून सुरुवात करतो, कारण घोटाळे बहुतेक तिथेच होतात.

३ जूनला सुरू झालेले सहा महिने २ डिसेंबरला संपतात, ३ डिसेंबरला नाही. मुदतवाढीचं पत्र त्या दिवसाच्या आत माणसाच्या हातात पडायला हवं. मसुद्यात तर वाढ कधीपर्यंत आहे हेच लिहिलेलं नव्हतं. मुदत उलटल्यावर मागची तारीख घालून पत्र देणारे लोक मी पाहिले आहेत. पोच घेताना खरी तारीख पडते आणि सगळं उघडं होतं. नेमणूकपत्रातच वाढवण्याची तरतूद नसेल किंवा तिची मर्यादा संपलेली असेल, तर पत्र कितीही नीट लिहिलं तरी ते डळमळीतच राहतं.

पंजाबच्या शिक्षण खात्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हेच सांगितलं. तिथल्या नियमांनुसार परिविक्षा वाढवूनही तीन वर्षांपलीकडे नेता येत नव्हती. त्यानंतरही माणूस कामावर राहिला, म्हणजे तो कायम झाला, असं न्यायालयाने धरलं. कमाल मर्यादा ठरलेली नसेल, किंवा लेखी आदेशाशिवाय कायम समजलं जाणार नाही असं लिहिलेलं असेल, तिथे नुसता वेळ उलटल्याने माणूस आपोआप कायम होत नाही. म्हणून आपल्या नेमणूकपत्रातलं ते एक कलम प्रत्येकाने वाचून ठेवावं. खाजगी शाळांचं आणखी वेगळं आहे. महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्यानुसार कायम रिक्त जागेवर नेमलेल्या शिक्षकाची परिविक्षा साधारणपणे दोन वर्षांची असते आणि ती पूर्ण झाली की तो कायम झाला असं कायदाच मानतो. तिथे मुदतवाढीचं पत्र कंपनीसारखं वापरता येत नाही.

आता कारणं. "समाधानकारक नाही" या शब्दांवरून त्या मुलाला उद्या सकाळी काय वेगळं करायचं हे कळत नाही. "विश्वासार्ह नाही" हे तर त्याच्या स्वभावावरचं विधान झालं. कामातली उणीव आणि माणसावरचा डाग यांतला फरक न्यायालयं फार बारकाईने पाहतात, विशेषतः सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्राच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, काढून टाकण्याच्या आदेशात डाग लावणारे शब्द नसले, तरी त्यात उल्लेख केलेल्या आधीच्या पत्रांत ते असले तर आदेश कलंकित ठरू शकतो. म्हणजे मुदतवाढीच्या पत्रात रागाने लिहिलेला एक शब्द वर्षभराने आडवा येऊ शकतो.

मी प्रमुखांना म्हटलं, "साहेब, नोंदी काढा." काढल्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात चलनावर आलेल्या २१२ मालांपैकी ४१ मालांची आवक-नोंद, म्हणजे जीआरएन, दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर झाली होती. महिनाअखेरीला मोजलेल्या ५० वस्तूंपैकी ९ वस्तूंचा प्रत्यक्ष साठा संगणकाशी जुळत नव्हता. जीआरएन उशिरा झाला की माल रॅकवर असूनही संगणकात दिसत नाही, मग उत्पादनवाले तोच माल पुन्हा मागवतात. हे खरं कारण होतं आणि ते सांगताना कोणालाही नावं ठेवावी लागत नव्हती.

पत्र देण्याआधी मुलाला बोलावलं. तो हळूच म्हणाला, "सर, मला माझा लॉगिन आयडी पाच आठवडे मिळाला नव्हता. तेव्हा दुसऱ्याच्या नावाने नोंदी करत होतो." तपासलं, खरं होतं. प्रमुखांच्या यादीत जून-जुलैच्या चुकाही होत्या, त्या आम्ही वगळल्या. ही बैठक आधी झाली नसती तर पत्रातली निम्मी कारणं त्याने एका अर्जात खोडून काढली असती. त्याला अन्यायाची सल राहिली असती ती वेगळीच.

शेवटी पत्र असं गेलं: "आपला प्रोबेशन कालावधी ३ डिसेंबर २०२४ ते २ मार्च २०२५ असा तीन महिन्यांनी वाढवण्यात येत आहे. दुपारी चारपर्यंत आलेल्या मालाचा जीआरएन त्याच दिवशी व्हावा. फेब्रुवारीच्या मोजणीत ५० पैकी २ पेक्षा जास्त वस्तूंत तफावत नसावी. दर शनिवारी एक तास वरिष्ठ स्टोअरकीपर आपल्यासोबत मोजणी करतील. मधला आढावा बुधवार, १५ जानेवारी रोजी आणि अंतिम आढावा मंगळवार, २५ फेब्रुवारी रोजी होईल."

अंतिम आढाव्याची तारीख २५ फेब्रुवारी का, हे प्रमुखांनी विचारलं. २ मार्च रविवार होता आणि २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र. आढावा शेवटच्या दिवसावर ठेवला तर निर्णय लिहायला आणि पोचवायला वेळच उरत नाही. मधल्या आढाव्याचं महत्त्व मला जास्त वाटतं. १९८९ साली एका हंगामी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, उणिवा वेळीच न कळवता अचानक सेवा संपवणं योग्य नाही, कारण सुधारण्याची संधीच मिळत नाही. तीन महिने गप्प राहून शेवटी निकाल सांगणं म्हणजे तेच.

पत्रात आणखी दोन ओळी घातल्या. पगार आणि सुट्ट्या आहेत तशाच राहतील आणि भविष्यनिर्वाह निधीवर काही परिणाम नाही. घरी हे पत्र वाचलं गेलं की पहिली भीती तिचीच असते. पोचीवर "मिळाले, दि. २८ नोव्हेंबर २०२४" एवढंच लिहून घेतलं. सही म्हणजे पत्र मिळाल्याची खूण, कारणं मान्य केल्याची नव्हे. त्याला काही वेगळं म्हणायचं असेल तर सात दिवसांत लेखी द्यावं, असंही पत्रातच होतं. लॉगिनचा मुद्दा त्याने तसा दिला आणि तो फाइलला लावला.

जानेवारीच्या आढाव्यात जीआरएन सुधारले होते, मोजणी मात्र अजून पाच वस्तूंवर अडकली होती. कारण सापडलं: उत्पादनातून परत आलेला माल तो रॅकवर ठेवायचा, पण परतीची नोंद करायचा नाही, कारण ती त्याला कोणी शिकवलीच नव्हती. पुढच्या दोन शनिवारी फक्त तेवढंच काम केलं.

२५ फेब्रुवारीला मोजणीत तीन वस्तू जुळल्या नाहीत, मर्यादा दोनची होती. तिसरी तफावत बेअरिंगच्या खोक्यांची होती. ती सीलबंद खोकी उघडून मोजली, तेव्हा पुरवठादाराने दोन नग कमी भरल्याचं दिसलं. ती चूक त्याची नव्हती, म्हणून आढाव्याच्या कागदावर तसं लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या. शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला ३ मार्चपासून कायम केल्याचं पत्र त्याच्या हातात दिलं.