अर्ध्या अंतरावर अर्धी ऊर्जा नसते

मोबाइलवर आलेल्या गणिताच्या फोटोत गुळगुळीत टेबलावर स्प्रिंगला बांधलेला ठोकळा आहे. वस्तुमान 0.5 किलो, स्प्रिंगचा स्थिरांक 200 न्यूटन प्रति मीटर, आयाम 10 सेंटिमीटर. फोटोत दशांशचिन्ह पुसट असेल तर 0.5 चे 5 होतात, म्हणून आधी आकडे नीट वाचावेत.

200 भागिले 0.5 म्हणजे 400. त्याचे वर्गमूळ 20, हा कोनीय वेग. 2π ला 20 ने भागले की दोलनकाल मिळतो, सुमारे 0.31 सेकंद. ठोकळा जास्त ओढला तरी हा काळ बदलत नाही. कमाल वेग 0.1 × 20, म्हणजे सेकंदाला 2 मीटर, आणि तोही मधोमध, जिथे स्प्रिंग ना ताणलेली असते ना दबलेली.

खरी गंमत 5 सेंटिमीटरवर आहे. ऊर्जा निम्मी-निम्मी वाटली जाईल, असे बहुतेकांना वाटते. पण स्प्रिंगमधली ऊर्जा अंतराच्या वर्गानुसार वाढते. एकूण ऊर्जा ½ × 200 × 0.1² = 1 ज्यूल. इथे स्प्रिंगकडे त्यातली पावच, 0.25 ज्यूल, आणि उरलेली 0.75 ज्यूल ठोकळ्याच्या गतीत. निम्मी वाटणी होते ती सुमारे 7.1 सेंटिमीटरवर.

पडताळा सोपा आहे: मधोमधची गतिज ऊर्जा ½ × 0.5 × 2², म्हणजे 1 ज्यूलच यायला हवी. दहा हजार आले, तर सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले आहेत.